आधी थंड करा, मग हलवा: नाशिकच्या शर्यत आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात रस्त्यावरील धावण्याच्या शर्यती भरवणारी सर्व आयोजक मंडळे, तसेच अशा शर्यतींना परवानगी देणारे महानगरपालिकेचे व पोलिसांचे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी व्यवसायाने परिचारिका आहे. गेली अनेक वर्षे मी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते आणि सुटीच्या रविवारी शहरातील शर्यतींमध्ये वैद्यकीय पथकात स्वयंसेविका म्हणून उभी राहते. गेल्या ऑक्टोबरात झालेल्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये गंगापूर रोडवर माझ्यासमोर एक धावपटू उष्माघाताने कोसळला. तो वाचला आणि आज कामावर जातो आहे. त्या सकाळी जे घडले ते वेळेसह लिहून ठेवावे असे मला तेव्हाच वाटले होते, कारण त्याचा जीव ज्या गोष्टींमुळे वाचला त्यातील बहुतेक गोष्टी शर्यतीच्या तयारीत नव्हत्या; त्या योगायोगाने हाताशी आल्या. पुढच्या वेळी त्या येतीलच असे नाही. हे पत्र त्या धावपटूच्या संमतीने लिहीत आहे. त्याची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे आणि शर्यतीचे नावही घेतलेले नाही, कारण यातील उणिवा मला एकापेक्षा अधिक शर्यतींमध्ये दिसल्या आहेत.

शर्यत सकाळी ६ वाजता सुटणार होती. मंचावरील कार्यक्रम लांबल्यामुळे ती ६ वाजून ४० मिनिटांनी सुटली. ही चाळीस मिनिटे कागदावर किरकोळ वाटतात. पण त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे जे धावणे पहाटेच्या गारव्यात सुरू व्हायचे ते उन्हात सुरू झाले. रात्री पाऊस पडून गेला होता, हवा दमट होती आणि वारा अजिबात नव्हता. मी परतीच्या वाटेवर, साधारण साडेसोळाव्या किलोमीटरला, आनंदवल्लीच्या अलीकडील पाण्याच्या टेबलाजवळ उभी होते.

८ वाजून १२ मिनिटांनी चौकातील वाहतूक पोलिसाने हाक मारली, "ताई, इकडे या, हा पडला बघा." तिशी ओलांडलेला, अंगाने सडपातळ असा तो तरुण पडण्याआधी शेवटचे शंभरेक मीटर रस्त्यावर वाकडातिकडा चालत होता, असे त्या पोलिसानेच नंतर सांगितले. ही माहिती फार मोलाची ठरली. शेवटची रेषा ओलांडून थांबल्यावर ज्यांना चक्कर येते, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा पायातील रक्त वर न चढल्याने दाब उतरलेला असतो, आणि आडवे करून पाय उंच ठेवले की ते काही मिनिटांत सावरतात. धावता धावता, रेषेच्या आधीच जो कोसळतो, त्याच्याबाबतीत मात्र काहीतरी गंभीर आहे असेच धरून चालावे लागते.

८ वाजून १३ मिनिटांनी मी त्याच्यापाशी पोहोचले. पहिल्या दहा सेकंदांत एकच गोष्ट पाहायची असते: माणूस हाकेला, खांद्यावरच्या थापेला प्रतिसाद देतो का आणि नीट श्वास घेतो का. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर हृदय बंद पडले आहे असे समजून ताबडतोब छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल जाऊ द्यायचा आणि विजेचा झटका देणारे यंत्र, म्हणजे एईडी, मागवायचे. इथे तसे नव्हते. तो डोळे उघडत होता, भराभर श्वास घेत होता आणि माझा हात झटकून "सोड, सोड, गाडी लावायची आहे" असे काहीतरी बोलत होता. मी नाव विचारले, ते त्याने सांगितले. आपण कुठे आहोत असे विचारल्यावर मात्र त्याने मुंबईतल्या एका उपनगराचे नाव घेतले.

तोवर लोक जमले होते आणि प्रत्येकजण आपल्या परीने मदत करत होता. एकजण त्याच्या तोंडात बाटलीने पाणी ओतत होता, एकजण तळपाय चोळत होता, कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावा म्हणत होते. मी पाणी ओतणे आधी थांबवले. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय लांब शर्यतीत जास्त पाणी प्यायल्यानेही रक्तातील सोडियम खाली येऊन माणूस असाच बरळू लागतो, आणि तसे असल्यास आणखी पाणी म्हणजे आणखी धोका. नुसत्या नजरेने हे ओळखता येत नाही.

८ वाजून १५ मिनिटांनी बोटाला टोचून साखर पाहिली. ती ११२ होती, म्हणजे साखर उतरल्याचा प्रश्न नव्हता. नाडी मिनिटाला दीडशेच्या पुढे होती. मग शर्यतीच्या पेटीत दिलेले कपाळावर रोखायचे थर्मामीटर मी वापरले आणि त्यावर ३६.९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत ९८.४, असा आकडा आला. काखेत दुसरे थर्मामीटर लावले, ते ३७.८ वर थांबले. कातडी घामाने निथळत होती आणि दंड तर हाताला गार लागत होते.

मला या पत्रात सर्वांत ठळकपणे सांगायचे आहे ते इथेच आहे. उष्माघात म्हटला की कोरडी, तापलेली, लालबुंद कातडी आपल्या डोळ्यांसमोर येते. उन्हाळ्यात घरात बसलेल्या वृद्ध माणसाचा उष्माघात पुष्कळदा तसा असतो. धावणाऱ्या माणसाचा उष्माघात वेगळा असतो. त्यात उष्णता बाहेरून येण्यापेक्षा आतून, म्हणजे कामाला लागलेल्या स्नायूंतून येते. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश भाग नुसत्या उष्णतेत जातो. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि दमट, निवांत हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे कातडी ओली आणि वरवर गार असते आणि आत मेंदू, यकृत, मूत्रपिंड ४१ अंशांवर शिजत असतात. कपाळ, काख, कान किंवा तोंड येथील तापमान अशा वेळी आतल्या तापमानाशी जुळत नाही. रस्त्यावर विश्वास ठेवता येईल असे माप गुदद्वारातूनच मिळते. आपल्या शर्यतींच्या पेट्यांमध्ये कपाळाचे थर्मामीटर असते आणि त्यावरील आकडा पाहून "ताप नाही, अशक्तपणा आहे" असे म्हणून रुग्णाला खुर्चीवर बसवून इलेक्ट्रॉल दिले जाते. ही चूक मी स्वतः होताना पाहिली आहे आणि त्या सकाळी ती माझ्याही हातून जवळजवळ झाली होती. त्या दोन आकड्यांवर मी तीन मिनिटे घालवली, याचे मला आजही वाईट वाटते.

८ वाजून १८ मिनिटांनी मी १०८ ला आणि शर्यतीच्या रुग्णवाहिकेला असे दोन्हीकडे फोन करायला लावले. शर्यतीची रुग्णवाहिका शेवटच्या रेषेवर, साडेचार किलोमीटरवर होती आणि मधला सगळा रस्ता धावपटूंनी भरलेला होता. त्याच वेळी आम्ही त्याला उचलून पाण्याच्या टेबलावरील मांडवाच्या सावलीत आणले. बूट, मोजे, टीशर्ट आणि छातीवरचा पट्टा काढला. चार स्वयंसेवकांनी पाठ करून चादरींचा आडोसा धरला. लवचिक तार असलेला थर्मामीटर मी माझ्या पिशवीत ठेवते. तो वंगण लावून सुमारे १० सेंटिमीटर आत सरकवला आणि तसाच ठेवला. ८ वाजून २० मिनिटांनी त्यावर ४१.३ अंश दिसले. फॅरनहाइटमध्ये हे १०६ च्या वर जाते.

आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि त्यासोबत बरळणे, चिडणे, स्थळकाळाचे भान सुटणे किंवा बेशुद्धी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की निदान झाले. त्यानंतर जो प्रश्न उरतो तो फक्त वेळेचा असतो. नुकसान तापमान किती चढले यावर अवलंबून असते, त्याहून अधिक ते किती वेळ चढलेले राहिले यावर अवलंबून असते. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते ४० च्या खाली आणता आले तर माणूस बहुधा वाचतो आणि पूर्ण बरा होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉलमथ येथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत अठरा वर्षांत अशा उष्माघाताचे २७४ रुग्ण आले, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले गेले आणि त्यातील एकही दगावला नाही. तिथे टब शर्यतीआधीच तयार असतात. आमच्याकडे टब नव्हता.

टेबलाखाली अंथरलेली साधारण आठ बाय दहा फुटांची ताडपत्री होती. ती आम्ही ओढून काढली, त्याला मधोमध ठेवले आणि सहा जणांनी कडा उचलून झोळी केली. त्याच्या डोक्यामागे एकजण बसला आणि त्याने काखेतून हात घालून डोके व खांदे पाण्याबाहेर धरून ठेवले. त्याचे काम फक्त तेवढेच होते, कारण उलटी झाली किंवा झटका आला तर तोंड ताबडतोब एका कुशीला वळवावे लागते. ८ वाजून २२ मिनिटांनी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार आम्ही त्या झोळीत रिकामे करायला सुरुवात केली. सहा जार गेले. पाणी गार होते, थंडगार नव्हते. बर्फ नव्हता. पलीकडच्या रसवंतीवाल्या काकांनी ते पाहिले आणि न विचारता अर्धी लादी पोत्यात घालून, वरवंट्याने फोडत आणून दिली. ८ वाजून २७ मिनिटांनी बर्फ पाण्यात पडला. झोळी आम्ही एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सारखी हिंदकळत ठेवली, कारण पाणी स्थिर राहिले तर अंगाभोवतीचा थर तापतो आणि थंड होण्याचा वेग पडतो.

आकडे मी हातावर पेनने लिहिले होते. ८.२५ ला ४१.१. बर्फ पडल्यानंतर, ८.३० ला ४०.५. ८.३५ ला ३९.८, म्हणजे कोसळल्यापासून तेवीस मिनिटांत तापमान ४० च्या खाली आले होते. ८.४० ला ३९.१, आणि त्याच सुमाराला त्याने डोळे नीट उघडून "मी कुठे आहे, शर्यत संपली का" असे विचारले. ८.४२ ला ३८.८ दिसताच आम्ही त्याला बाहेर काढले, पुसले आणि कोरड्या चादरीत गुंडाळले. ३८.८ च्या आसपास थांबायचे असते, कारण बाहेर काढल्यावरही तापमान काही वेळ उतरत राहते आणि अधिक ताणले तर माणूस नको इतका गार पडतो.

आता रुग्णवाहिकेबद्दल. ती ८ वाजून ३१ मिनिटांनी आली, तेव्हा तो झोळीतच होता आणि आकडा ४०.४ होता. सोबतच्या कर्मचाऱ्याने स्ट्रेचर खाली ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, पेशंट आमच्या ताब्यात द्या, उशीर झाला तर जबाबदारी तुमची." त्याला मी दोष देत नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचे, हेच त्याला शिकवलेले आहे आणि इतर बहुतेक प्रसंगी ते बरोबरही असते. परंतु त्या क्षणी त्याला गाडीत घातले असते तर भरलेल्या रस्त्यावरून रुग्णालयात पोहोचायला किमान वीस मिनिटे, तिथे नोंद, तपासणी आणि सलाइन लावण्यात आणखी काही मिनिटे गेली असती आणि तोवर शरीर चाळीसच्या वरच राहिले असते. रुग्णवाहिकेत सलाइन आणि ऑक्सिजन असतो. बर्फाचे पाणी नसते. शिरेतून दिलेले सलाइन त्या वेगाने तापमान उतरवू शकत नाही. पॅरासिटामॉलचाही इथे उपयोग नाही, कारण हा ताप मेंदूने चढवलेला नसतो. मी शेवटच्या रेषेवरील तंबूतील डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी दोन वाक्यांत सांगितले की ३९ च्या खाली येईपर्यंत हलवू नका, आणि मग तो कर्मचारी स्वतः झोळीची कड धरायला उभा राहिला. त्या फोनला दोन मिनिटे लागली. डॉक्टरांनी फोन उचलला नसता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

८ वाजून ४७ मिनिटांनी गाडी निघाली. रुग्णालयात त्याचे सोडियम, यकृताचे व मूत्रपिंडाचे आकडे आणि स्नायू किती तुटले ते दाखवणारी सीपीके ही तपासणी वारंवार केली गेली, कारण उष्माघातात ही हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. चौथ्या दिवशी त्याला घरी सोडले. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात त्याला ताप येऊन गेला होता आणि सर्दीची गोळी तो त्या पहाटेही घेऊन आला होता, हे त्याने नंतर सांगितले. नुकताच येऊन गेलेला ताप आणि घाम कमी करणाऱ्या अशा काही गोळ्या या दोन्हींमुळे उष्माघाताचा धोका वाढतो. नोंदणीच्या अर्जात आपण टीशर्टचे माप विचारतो. गेल्या दहा दिवसांत ताप आला होता का, हा प्रश्न मी आजवर एकाही अर्जात पाहिलेला नाही.

माझी आपल्याकडे मागणी मोठ्या खर्चाची नाही. शर्यतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथे लोक थकलेले असतात आणि तरीही वेळेसाठी जोर लावतात, तिथे किमान दोन ठिकाणी आणि शेवटच्या रेषेवर एके ठिकाणी थंड करण्याची सोय असावी. माणूस छातीपर्यंत बसू शकेल असा, जनावरांना पाणी पाजायला मिळतो तसा प्लास्टिकचा टब, दीडशे ते दोनशे लिटर पाणी आणि थर्माकोलच्या पेट्यांत फोडलेला बर्फ ही ती सोय. टब शक्य नसेल तिथे जाड ताडपत्री आणि सहा माणसे चालतील, मात्र झोळीत तापमान टबापेक्षा सावकाश उतरते हे लक्षात ठेवावे. तेही नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले पंचे डोके, मान, छाती, काखा आणि जांघा यांवर ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी बदलत राहावे. काखेत बर्फाची एक पिशवी ठेवून समाधान मानू नये. प्रत्येक अशा ठिकाणी गुदद्वारातून माप घेण्याचा लवचिक थर्मामीटर, वंगण, हातमोजे आणि आडोशासाठी चादरी असाव्यात. मापाची गोष्ट संकोचाची आहे हे मी जाणते, आणि त्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती, शक्य असल्यास त्याच लिंगाची, नेमली जावी. माप घेणारे कुणीच नसेल आणि धावपटू बरळत असेल, तर आकड्याची वाट न पाहता दहा ते पंधरा मिनिटे थंड करून मगच पाठवावे.

दुसरी मागणी कागदाची आहे. शर्यतीच्या आधी वैद्यकीय प्रमुख, रुग्णवाहिकेची सेवा आणि ज्या रुग्णालयात रुग्ण जाणार ते रुग्णालय, या तिघांच्या सह्या असलेले एक पान प्रत्येक रुग्णवाहिकेत असावे, आणि त्यावर मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे की हृदय व श्वास चालू असेल आणि उष्माघात असेल तर आधी थंड करावे, मग हलवावे. ते पान असते तर ८.३१ ला वादाची गरज पडली नसती. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की रुग्णवाहिकांची संख्या विचारताना हे पानही मागावे, आणि एक रुग्णवाहिका शेवटच्या रेषेऐवजी मार्गाच्या मध्यावर, गल्लीतून बाहेर पडता येईल अशा जागी उभी करायला सांगावी.

तिसरी गोष्ट वेळेची. ऑक्टोबरात शर्यत घ्यायची असेल तर ती पहाटे सुटावी आणि मंचावरील कार्यक्रम बक्षीस समारंभाच्या वेळी व्हावा. नुसता पारा पाहू नये. ऊन, आर्द्रता आणि वारा एकत्र धरणारे डब्ल्यूबीजीटी हे माप पाहावे. ते दाखवणारे यंत्र हातात मावते. हा आकडा २८ च्या वर गेला तर शर्यत घेऊ नये किंवा अंतर कमी करावे, असे क्रीडावैद्यकाचे जाणकार सांगतात. आणि आकडा त्याखाली असतानाही हा आजार होतो, हे त्या सकाळी आम्ही पाहिले आहे.

वाहतूक पोलिसांना आणि पाणी देणाऱ्या मुलांना पंधरा मिनिटांत शिकवता येण्याजोगे यात पुष्कळ आहे: वाकडे धावणारा माणूस ओळखणे, त्याला नाव आणि ठिकाण विचारणे, तोंडात पाणी न ओतणे, झोळी धरणे. पुढच्या शर्यतीच्या स्वयंसेवकांच्या बैठकीला मला बोलवावे. ताडपत्री, थर्मामीटर आणि त्या दिवशीच्या आकड्यांचा कागद मी सोबत आणीन. पाण्याचे सहा जार आणि बर्फ तेवढा आपण आणून ठेवावा.

आपली,
वैद्यकीय पथकातील एक स्वयंसेविका,
नाशिक